वहीतलं टनेज आणि पायांवरचा भार

धरमपेठेतल्या माझ्या मावसभावाने मे महिन्यात जिमची वही माझ्यापुढे ठेवली. "दादा, हिवाळ्यात आठवड्याला ४,००० किलो उचलत होतो, आता ९,४८०! नवीन पावडर लागू पडली." वहीतली बेरीज बरोबर होती, तुलना मात्र चुकली होती.

एक उचल म्हणजे रेप, सलग मारलेल्या रेपचा गट म्हणजे सेट. सेट गुणिले रेप गुणिले वजन, हा झाला व्हॉल्यूम लोड. आठवडाभरातल्या अशा सगळ्या गुणाकारांची बेरीज म्हणजे टनेज. हिवाळ्यातल्या चार आठवड्यांत तो आठवड्यातून दोनदा ८० किलोचे स्क्वॉट मारायचा, ५ सेट, प्रत्येकी ५ रेप. म्हणजे ४,०००. उन्हाळ्यात एका दिवशी ९० किलोचे स्क्वॉट, ४ सेट ५ रेप, म्हणजे १,८००. दुसऱ्या दिवशी लेग प्रेसच्या मशीनवर, पायांनी ढकलायच्या सरकत्या पाटाचं म्हणजे स्लेडचं वजन मिळवून १६० किलो, ४ सेट १२ रेप, म्हणजे ७,६८०.

खरी गंमत या ७,६८० मध्ये आहे. लेग प्रेसची स्लेड ४५ अंशांच्या उतारावर सरकते. शाळेत शिकलेला उतरणीचा नियम आठवा: उतारावरच्या वस्तूचं वजन काही प्रमाणात रूळच पेलतात, पायांना ढकलावा लागतो तो sin 45°, म्हणजे ०.७१ भाग. घर्षण सोडलं तर १६० किलोचे पायांवर येतात साधारण ११३. स्क्वॉटमध्ये उलट होतं. बारसोबत आपलं शरीरही वर जातं, फक्त गुडघ्याखालचे पाय जवळपास जागेवर राहतात. ते वजनाच्या सुमारे १२ टक्के. भाऊ ७० किलोचा आहे, म्हणजे प्रत्येक रेपला आणखी ६२ किलो तो उचलतो आणि वहीत ते कधीच येत नाहीत.

आता पुन्हा मांडू. हिवाळ्यात ५० रेप, प्रत्येकी १४२ किलो: ७,१००. उन्हाळ्यात २० रेप १५२ किलोंच्या आणि ४८ रेप ११३ किलोंच्या: ८,४६४. दुपटीहून जास्त दिसणारी वाढ १९ टक्क्यांवर आली.

हा आकडाही मी शेवटचा मानत नाही, कारण यात अंतर मोजलेलं नाही. अर्धवट गुडघे वाकवून मारलेली रेप आणि पूर्ण खाली जाऊन मारलेली रेप वहीत सारखीच दिसते. म्हणून काही आठवड्यांच्या दोन टप्प्यांची तुलना व्यायामानुसार वेगवेगळी करावी. स्क्वॉटचं टनेज ४,००० वरून १,८०० वर उतरलं आणि बारवरचं वजन ८० वरून ९० वर चढलं, ही दोन्ही वाक्यं शेजारी लिहावीत. वॉर्मअपचे सेट धरायचे तर दोन्हीकडे धरा, नाहीतर दोन्हीकडे सोडा. लग्नामुळे बुडालेला आठवडा सरासरीच्या भागाकारातून गुपचूप वगळू नका.

राहिली पावडर. व्यायाम, ऋतू आणि पावडरचा डबा, तिन्ही एकाच वेळी बदलले होते. अशा वहीतून डब्याला श्रेय देताच येत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याने ८० किलोवर, पूर्ण खाली जाऊन, एका दमात ८ रेप मारल्या होत्या. परवा सकाळी ऊन चढायच्या आत तेवढंच खाली जाऊन पुन्हा मारायला लावल्या. ९ झाल्या.