‘सगळी’ आणि ‘नाहीत’: गोड किती?

“‘सगळी संत्री गोड नाहीत’ म्हणजे एकही गोड नाही, असंच ना?”

नाही, इतकं सरळ नाही. नागपुरात कळमन्याच्या बाजारातून डझनभर संत्री आणली. 9 गोड निघाली, 3 आंबट. आता तेच वाक्य म्हणा. खरं की खोटं? दोन्ही उत्तरं मिळतील, कारण वाक्याची रूपं दोन आहेत:

```
¬∀x (S(x) → G(x))
∀x (S(x) → ¬G(x))
```

x म्हणजे कुठलीही वस्तू, S म्हणजे संत्रं, G म्हणजे गोड, ¬ म्हणजे नकार, ∀ म्हणजे ‘प्रत्येक’, → म्हणजे ‘असेल तर’. पहिल्यात नकार ‘प्रत्येक’च्या बाहेर आहे. एक आंबट निघालं तरी ते खरं, म्हणून आपल्या डझनाला लागू. दुसऱ्यात नकार आत शिरतो. तिथे एक गोड संत्रंही वाक्य खोटं पाडतं, इथे तर 9 आहेत.

बाराही आंबट असती तर दोन्ही रूपं खरी ठरली असती आणि फरक दिसलाच नसता. गैरसमज टिकतो तो बहुधा अशाच उदाहरणांमुळे. तपासायला मिसळ माल हवा.

बोलताना ‘सगळीच गोड नाहीत’ म्हटलं, की कल बहुधा पहिल्या अर्थाकडे जातो. दुसराच अर्थ हवा तर ‘एकही गोड नाही’ म्हणा, भाऊ.