घड्याळातली ‘गाढ झोप’ कितपत खरी?

“गाढ झोप फक्त ४२ मिनिटं दाखवतंय. माझी तब्येत बरी आहे ना?” मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाच्या ॲपमधला आलेख पुढे करून हल्ली हा प्रश्न सर्रास विचारला जातो. समजा, त्याच आलेखात अंथरुणावर पडल्याची वेळ रात्री ११, उठल्याची ६:३० आणि एकूण झोप ६ तास ५० मिनिटं आहे. त्या ४२ मिनिटांवरून काय कळतं? फारच थोडं.

गाढ झोप ठरते मेंदूत. झोपेच्या तपासणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावतात आणि सगळी रात्र ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत तपासतात. एखाद्या तुकड्याच्या निदान पाचव्या हिश्श्यात मोठ्या, संथ लहरी दिसल्या, तरच तो गाढ झोपेत धरतात. घड्याळाला या लहरी दिसतच नाहीत. त्याच्या पाठीचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश सोडतो. प्रत्येक ठोक्याला तिथलं रक्त वाढतं-ओसरतं, तसा परतणारा प्रकाश बदलतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. दुसरा सेन्सर मनगटाची हालचाल टिपतो. गाढ झोपेत नाडी संथ नि एकसारखी असते, स्वप्नांच्या झोपेत ती कमी-जास्त होते. एवढ्यावर ॲप अंदाज बांधतं. पट्टा सैल असला किंवा रात्री उशिरा जड जेवण वा दारू झाल्यामुळे नाडी चढी राहिली, की हा अंदाज घसरतो. म्हणूनच ‘गाढ झोप वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा गुण या आकड्यावरून ठरवू नये.

एकूण झोपेचा आकडा त्यापेक्षा बरा, पण तोही बऱ्याचदा फुगलेला. डोळे मिटून निश्चल पडलेला जागा माणूस घड्याळाला झोपलेलाच वाटतो.

याच खोडीमुळे एक आजार आलेखातून निसटू शकतो. स्लीप ॲप्नियात झोपेत घशाची वाट बंद होते आणि श्वास १० सेकंद किंवा जास्त अडतो. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घसा मोकळा होतो, माणूस पुन्हा झोपतो. ही जाग अनेकदा काही सेकंदांचीच असते. सकाळी ती आठवत नाही आणि मनगट हललेलंही नसतं. तासाला वीस-तीस वेळा असं होऊनही आलेखात सलग सात तास दिसू शकतात. काही घड्याळं रक्तातला ऑक्सिजन पाहून इशारा देतात, पण इशारा आला नाही म्हणजे आजार नाही, असं नव्हे.

मग आलेखात पाहायचं काय? एका रात्रीऐवजी दोन आठवडे पाहा. निजण्या-उठण्याच्या वेळा दोन-दोन तासांनी सरकतात का? एकूण झोप बहुतेक रात्री सात तासांच्या बरीच खाली आहे का? आणि घरच्यांना विचारा, घोरताना मध्येच श्वास थांबून एकदम धाप लागल्यासारखा आवाज येतो का? तसं होत असेल किंवा दुपारी बसल्या-बसल्या, गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर आलेख कितीही छान असला तरी डॉक्टरांना भेटून झोपेची तपासणी करून घ्या.