डीमॅटचे वार्षिक शुल्क वेगळे, काँट्रॅक्ट नोटवरचे आकार वेगळे

‘दलाली शून्य’ असे सांगून खाते उघडून दिले, तरीही पैसे कापले जातात, ही तक्रार बहुधा दोन वेगळे खर्च एकत्र धरल्यामुळे होते. वार्षिक देखभाल शुल्क हे शेअर डीमॅट खात्यात सांभाळण्याचे भाडे असून, वर्षभरात एकही व्यवहार केला नाही तरी ते लागू शकते. काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेले व्यवहाराचे बिल, मात्र त्या दिवशी व्यवहार झाला तरच निघते आणि तिच्यावर फक्त त्या व्यवहाराचे आकार असतात. त्यामुळे वार्षिक शुल्क तिच्यावर शोधूनही सापडणार नाही. ते ब्रोकरकडच्या लेजरमध्ये, म्हणजे आपल्या पैशांच्या जमा-नावे नोंदींत, दिसते.

समजा, एखाद्याने 1,000 रुपये भावाने 100 शेअर डिलिव्हरीसाठी, म्हणजे त्याच दिवशी न विकता डीमॅटमध्ये ठेवण्यासाठी, घेतले. व्यवहार 1 लाखाचा झाला आणि ब्रोकरचा दर 0.3 टक्के असल्यास दलाली 300 रुपये. एसटीटी, म्हणजे शेअरच्या खरेदी-विक्रीवरचा केंद्राचा कर, 0.1 टक्का म्हणजे 100 रुपये आणि मुद्रांक शुल्क 0.015 टक्का म्हणजे 15 रुपये. शेअर बाजाराचा व्यवहार आकार सुमारे 3 रुपये आणि सेबीचे शुल्क अवघे 10 पैसे. जीएसटी 18 टक्के असला, तरी तो एसटीटी आणि मुद्रांक शुल्कावर लागत नाही. दलाली, बाजाराचा आकार आणि सेबी शुल्क यांच्या बेरजेवरच लागतो, म्हणून तो सुमारे 54.55 रुपये येतो. एकूण खर्च 473 रुपयांच्या आसपास जातो.

यातली दलाली एवढीच ब्रोकरच्या हातातली गोष्ट आहे. ती शून्य केली, तरी एसटीटी आणि मुद्रांक शुल्काचे 115 रुपये तसेच राहतात, कारण ते सरकारजमा होतात. शेअर विकताना मुद्रांक शुल्क नसते, एसटीटी मात्र पुन्हा 0.1 टक्का लागतो. पुढे भांडवली नफा काढताना दलाली खर्चात धरता येते, एसटीटी धरता येत नाही. विवरणपत्र भरताना या दोन ओळी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

खरा गोंधळ विक्रीच्या वेळी होतो. डीमॅटमधून शेअर बाहेर गेले की डिपॉझिटरी पार्टिसिपंट, म्हणजे आपले डीमॅट खाते सांभाळणारा डीपी, शेअर कितीही असले तरी त्या कंपनीमागे एक ठरावीक रक्कम घेतो, आणि तीही सहसा काँट्रॅक्ट नोटवर न येता थेट लेजरमध्ये नावे पडते. म्हणून नोटची बेरीज आणि लेजरमधली वजावट जुळत नसेल, तर आधी ही डीपी चार्जेसची नोंद पाहावी. तिला वार्षिक शुल्क समजण्याची चूक सर्रास होते.

वार्षिक शुल्क मात्र अनेकांना टाळता येते. 1 सप्टेंबर 2024 पासून बेसिक सर्व्हिसेस डीमॅट खात्यात ठेवलेल्या शेअर वगैरेंचे एकूण मूल्य 4 लाखांपर्यंत असल्यास ते शून्य, आणि 4 ते 10 लाखांदरम्यान वर्षाला 100 रुपये असते. एकल किंवा प्रथम धारक म्हणून आपले एकच डीमॅट खाते असावे, ही अट आहे. दुसऱ्या ब्रोकरकडे उघडून विसरलेले खाते असेल, तर ही सवलत मिळत नाही.