गोषवाऱ्याचे एकवाक्यी सुबोधीकरण

शोधनिबंधाच्या आरंभी दिलेला, त्या विषयातील जाणकारांसाठी लिहिलेला दाट गोषवारा वाचून त्यातील मुख्य निष्कर्ष त्या विषयाबाहेरच्या वाचकाला कळेल अशा एकाच वाक्यात मांडणे, याला एकवाक्यी सुबोधीकरण म्हणता येईल. वैद्यकीय पुरावे तपासणारी कॉक्रेन ही संस्था आपल्या प्रत्येक आढाव्यासोबत सोप्या भाषेतील सारांश देते, आणि युरोपीय संघाच्या औषधचाचण्यांविषयीच्या २०१४ च्या नियमावलीनुसार चाचणीच्या निकालांचा सामान्यांना समजेल असा सारांश द्यावा लागतो. हे सारांश पानभर असू शकतात. एका वाक्याचे काम त्याहून अवघड असते, कारण तेथे काय सांगायचे यापेक्षा काय गाळायचे हे ठरवण्यातच चूक होते. कठीण शब्दाला सोपा शब्द शोधणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे.

ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीतील डेक्सामेथासोन या स्टेरॉइडविषयीचा गोषवारा हे याचे चांगले उदाहरण आहे. या चाचणीचा निकाल जून २०२० मध्ये जाहीर झाला आणि त्यानंतर तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. गोषवाऱ्यातील माहिती थोडक्यात अशी : कोविडमुळे रुग्णालयात दाखल असलेल्यांपैकी २,१०४ जणांना हे औषध, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस देण्याचे ठरले आणि ४,३२१ जणांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले; कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे नशिबावर सोडले होते. २८ दिवसांत औषधाच्या गटातील २२.९ टक्के आणि दुसऱ्या गटातील २५.७ टक्के रुग्ण दगावले. पुढे हाच निकाल, गटात घालताना रुग्णाला श्वासासाठी कोणती मदत चालू होती त्यानुसार, तीन भागांत दिला आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत औषध घेणारे २९.३ टक्के दगावले, न घेणारे ४१.४ टक्के. फक्त प्राणवायू चालू असलेल्यांत हेच आकडे २३.३ आणि २६.२ टक्के होते. ज्यांना प्राणवायूही लागत नव्हता त्यांच्यात मात्र क्रम उलटला : औषध घेणारे १७.८ टक्के दगावले आणि न घेणारे १४.० टक्के.

घाईत लिहिणारा पहिल्या आकड्यांवर थांबतो आणि लिहितो, ‘डेक्सामेथासोनमुळे कोविडचे मृत्यू कमी होतात.’ या वाक्यातला एकही शब्द अवघड नाही आणि एकूण आकड्यांपुरते ते खरेही आहे, तरीही ते सारांश म्हणून चुकीचे आहे. एकूण सरासरी तीन अगदी वेगळ्या परिस्थितींतील रुग्ण एकत्र करून निघाली आहे, आणि गोषवाऱ्याच्या शेवटच्या ओळीत संशोधकांनी निष्कर्ष सांगताना प्राणवायूची अट स्वतःच घातली आहे. ही अट म्हणजे तपशील नव्हे, तो निष्कर्षाचाच भाग आहे. अट गाळली की घरी ताप घेऊन पडलेल्या आणि प्राणवायूची पातळी व्यवस्थित असलेल्या माणसालाही हे वाक्य लागू होते, आणि त्याच्या बाबतीत चाचणीने फायदा दाखवलेला नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले तेव्हा अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा अवाजवी वापर हेही एक कारण म्हणून डॉक्टरांनी पुढे आणले होते. तो वापर केवळ अशा वाक्यांमुळे झाला असे म्हणणे अन्याय्य ठरेल, पण ‘कोणासाठी’ हा प्रश्न का सोडू नये हे त्यातून दिसते.

दुसरा पेच आकड्यांचा आहे. व्हेंटिलेटरवरील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे तेव्हा सांगितले गेले, आणि दोन्ही गटांतील वयाचा फरक हिशेबात धरला तर ते बरोबर आहे. पण ‘एक तृतीयांश’ हा आकडा कशाचा तृतीयांश हे वाचकाला कळत नाही. शंभरातले तेहतीस वाचले असा समज सहज होतो. ‘शंभरांमागे ४१ ऐवजी २९’ असे लिहिले की मूळ धोका केवढा आणि घट केवढी, हे दोन्ही एका दमात कळते. वयाची दुरुस्ती त्यात येत नाही, परंतु विषयाबाहेरच्या वाचकाचे त्यावाचून काही अडत नाही.

तिसरा पेच खास मराठीतला. संख्याशास्त्रात फरक ‘लक्षणीय’ असणे म्हणजे खरा परिणाम काहीच नसता तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी असणे. रोजच्या मराठीत मात्र लक्षणीय म्हणजे नजरेत भरण्याइतका मोठा. हा शब्द जसाच्या तसा वाक्यात उतरवला की लहानसा फरकही मोठा वाटू लागतो. म्हणून तो टाळून सरळ आकडा द्यावा, हे बरे.

सर्वांत नाजूक जागा तिसऱ्या गटाची आहे. १७.८ आणि १४.० हे आकडे शेजारी ठेवले तर ‘औषधाने मृत्यू वाढले’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण गोषवाऱ्यात या गटासाठी, औषध घेणारे आणि न घेणारे यांच्या मृत्यूच्या प्रमाणांच्या गुणोत्तराची दिलेली अनिश्चिततेची कक्षा ०.९२ ते १.५५ अशी आहे, म्हणजे खरा परिणाम मृत्यूचे प्रमाण ८ टक्क्यांनी घटण्यापासून ५५ टक्क्यांनी वाढण्यापर्यंत कुठेही असू शकतो. तेव्हा ‘अपाय झाला’ म्हणता येत नाही आणि ‘अपाय नाही’ असेही म्हणता येत नाही. पुराव्याला धरून ‘फायदा दिसला नाही’ एवढेच म्हणता येते. ‘दिसला नाही’ आणि ‘होत नाही’ यांतले अंतर बोलताना कोणी पाळत नाही, येथे मात्र ते पाळावे लागते.

हे सगळे सांभाळून वाक्य असे होते : ‘ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, कोविडमुळे रुग्णालयात असलेल्या ज्या रुग्णांना प्राणवायू किंवा व्हेंटिलेटर लागत होता त्यांच्यातील मृत्यू डेक्सामेथासोन या औषधाने कमी झाले (व्हेंटिलेटरवरील शंभरांमागे ४१ ऐवजी २९), पण ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही.’ यातून मात्रा, रुग्णसंख्या आणि वयाची दुरुस्ती गळली. कोण, काय, किती आणि कोणाला नाही हे राहिले. ‘स्वस्त’ हे विशेषण खरे असूनही घातलेले नाही, कारण किंमत हा चाचणीचा निष्कर्ष नव्हता. हे औषध आजाराच्या नंतरच्या टप्प्यात शरीराचा अतिरेकी दाह आवरते, हे स्पष्टीकरणही बाहेर ठेवले आहे, कारण चाचणीने मृत्यू मोजले होते, ते का घटले हे तपासले नव्हते.

मराठीची ‘जे–ते’ रचना अशा वाक्याला सोयीची पडते, कारण अट आधी येते आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे अट वाचल्याशिवाय निष्कर्षापर्यंत पोहोचता येत नाही. मात्र मथळा करताना कात्री नेमकी या पहिल्या भागावरच चालते.

वाक्य तपासताना ‘समजले का’ असे विचारून उपयोग होत नाही, वाचक बहुधा हो म्हणतो. त्याऐवजी एखादा प्रसंग पुढे ठेवावा : ‘काकांना कोविड झाला आहे, ते घरीच आहेत, प्राणवायूची पातळी ९७ आहे; या वाक्यावरून त्यांना हे औषध द्यावे असे वाटते का?’ उत्तर ‘हो’ आले तर वाक्य पुन्हा लिहावे लागते. ज्या गोषवाऱ्यात एकच निष्कर्ष नसतो, उदाहरणार्थ परस्परविरोधी अभ्यासांचा आढावा, त्याचे एक वाक्य ‘पुरावे आपसांत जुळत नाहीत’ एवढेच होऊ शकते.