डमीतलं ‘ना ना ना’ आणि हुकमधलं ‘ना ना ना’

गाण्यात ‘ना ना ना’ आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “गीतकाराला शब्द सुचले नसणार.” मी चालीवर शब्द लिहितो आणि हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींचा घोळ आहे. ऐकायला त्या अगदी सारख्या वाटतात, पण त्यांचं काम वेगळं असतं.

पहिली गोष्ट डमी. ती बहुतेकांना माहीत आहे. संगीतकार चाल बांधतो, ‘ना ना नाना ना’ करत मोबाइलवर गाऊन पाठवतो आणि गीतकार त्या मापात शब्द बसवतो. कुठे लघु, कुठे गुरू, कुठे श्वास, एवढं कळलं की डमीचं काम संपलं. शब्द आले की ती जायला हवी.

दुसरी गोष्ट हुक, म्हणजे गाण्यातला ऐकताच डोक्यात बसणारा तुकडा. इथे ती अक्षरं मुद्दाम ठेवलेली असतात. किती वेळा येणार, कोणत्या सुरावर येणार, ‘ना’च का आणि ‘ला’ का नाही, हे सगळं ठरलेलं असतं. ओळखायची माझी पद्धत साधी आहे. तीन जणांना गाणं दोनदा ऐकवायचं आणि तो तुकडा गुणगुणायला सांगायचं. एक जण ‘ना ना’ म्हणाला, दुसरा ‘ला ला’, तिसरा ‘दा दा’, तर ती राहून गेलेली डमी. तिघांच्याही तोंडी तेच अक्षर तेवढ्याच वेळा आलं, तर तो हुक. (आलापाशी मात्र याची गल्लत करू नका. आलाप गायकाचा, दर वेळी बदलला तरी चालतो. तराण्यातले बोल तर लयीशी खेळण्यासाठीच असतात, तो वेगळा विषय.)

खरी अडचण पुढे आहे, आणि ती मराठीत लिहिणाऱ्यांना जास्त नडते. ना, ला, हं ही अक्षरं निरर्थक असतात असं धरून लोक ती कुठेही टाकतात. मराठीत ती निरर्थक नाहीत. ‘ना’ म्हणजे नकार, आणि ‘ये ना’, ‘सांग ना’मधला लाडिक आग्रहही. ‘ला’ हा विभक्तीचा प्रत्यय. ओळ ‘तुला’ किंवा ‘मला’वर संपली आणि लगेच ‘ला ला ला’ सुरू झालं, की गायक प्रत्ययावर अडखळल्यासारखा वाटतो. काही जणांना यात गंमत वाटते. मला ती अजिबात आवडत नाही, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष भावनेवरून उडून थेट जोडणीवर जातं. आणि ‘हं’ म्हणजे हुंकार. आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवंडं देतात तो. म्हणून हुकमध्ये ‘हं’ आलं की कुणीतरी ऐकतंय, उत्तर देतंय असा भास होतो. एकटेपणाच्या गाण्यात हाच भास कधी घात करतो, कधी जीव लावतो.

एक उदाहरण सांगतो. गावातून निघून गेलेल्या मैत्रिणीवरचं गाणं होतं, ताल केरवा. मुखड्याच्या दोन ओळी अशा:

एसटी सुटली, धूळ उडाली
हात तुझा मग दिसला ना

शेवटचा ‘ना’ चार मात्रा लांबतो. पुढची दोन आवर्तनं, म्हणजे सोळा मात्रा, चालीत रिकाम्या होत्या आणि डमीत तिथे ‘ला ला ला’ होतं. मी आधी शब्द लिहिले: ‘आठवण येते, आठवण येते’. मापात चोख बसले आणि गाणं तिथेच पडलं. धूळ आणि न दिसलेला हात यांनी सगळं सांगून झालं होतं. पुढची ओळ त्याचा अर्थ समजावत बसली. अशा जागी शब्द हरतात. चित्र पूर्ण झालेलं असतं, ऐकणाऱ्याला फक्त त्यात थोडा वेळ थांबायचं असतं.

मग संगीतकार म्हणाला, डमीच ठेवू. ‘दिसला ना, ला ला ला’ गाऊन पाहिलं तर सहलीला निघाल्यासारखं वाटलं. ‘ला’ म्हणताना जीभ टाळूवरून सुटते, प्रत्येक अक्षर हलकं उडी मारतं. ‘ना’मध्ये न म्हणतानाही आवाज नाकातून चालूच राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही, आणि पुढे ‘आ’ असल्याने वरच्या पट्टीत गळा मोकळा लागतो. शिवाय ओळीच्या शेवटी ‘ना’ होताच. ‘दिसला ना’ म्हणजे दिसला नाही, आणि ‘दिसला, हो ना?’ असंही ऐकू येतं. त्यातूनच ‘ना ना ना ना’ निघालं, तेव्हा तो नकारही राहिला आणि विनवणीही. कोणत्याही शब्दाला मला दोन्ही एकदम सांगता आलं नसतं.

‘हं’ही करून पाहिलं. ओठ मिटलेले असल्यामुळे आवाज फक्त नाकातून येतो, बारीक आणि मऊ. ढोलकी आणि बेस सुरू झाल्यावर तो बुडालाच. पातळी वाढवली तर हुंकाराबरोबर श्वासही वर आला. म्हणून पहिल्या मुखड्यानंतर, नुसत्या पेटीवर, मधल्या सप्तकात ‘हं’ ठेवलं आणि ताल आल्यावर ‘ना’.

शब्द कुठे जिंकतात? आधीच्या ओळीने प्रश्न विचारला असेल तर. ‘सांग, तुला मी काय म्हणालो?’ असं विचारून ‘ला ला ला’ केलं तर ऐकणारा उत्तराची वाट बघत राहतो. तिथे खरोखर शब्द सुचले नाहीत असंच वाटतं आणि तो आरोप मला मान्य आहे. कडव्यात अजून काही घडलेलंच नसेल तरीही तेच.

आपल्याकडे ही समज जुनी आहे. पोवाड्यात शाहिराची ओळ पूर्ण होते, मगच झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतात. बारशाला पाळणा म्हणताना कडवी एकदोघींनाच पाठ असतात, पण ‘जो बाळा जो जो रे जो’ला सगळ्या बायका आवाज लावतात. एकीने गोष्ट पुढे न्यायची आणि बाकीच्यांना शिरायला दार ठेवायचं, हे त्या ओळीचं काम. शब्द पाठ नसलेल्यांनी गावं असं वाटत असेल, तर अक्षरांचा हुक शब्दांपेक्षा कधीही भारी.

एक मर्यादा मात्र आहे. ‘ना ना ना’ला नाव नसतं. गाणं डोक्यात घोळतं, पण फर्माईश काय म्हणून करायची? बीटल्सच्या 1968 सालच्या ‘हे ज्यूड’मध्ये याचा उपाय आहे. सात मिनिटांच्या गाण्यात निम्म्याहून अधिक वेळ शेवटचं ‘ना ना ना’ चालतं, पण त्याची प्रत्येक फेरी ‘हे ज्यूड’वर येऊन थांबते. आणि ती सुरू होते तीन मिनिटांचे शब्द संपल्यावर.

आम्हीही शेवटच्या फेऱ्यांत तेच केलं. आठ मात्रा ‘ना ना ना ना’, पुढच्या आठ मात्रा ‘एसटी सुटली’. आता कार्यक्रमात लोक ते गाणं ‘एसटी सुटली’ म्हणूनच मागतात.