कार-टी: औषध काम करतंय म्हणून येणारा ताप

बी-पेशींच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगातून बहुतेक मुलं केमोथेरपीनं बरी होतात. ज्यांचा आजार दुसऱ्यांदा उलटतो त्यांची गोष्ट वेगळी. एव्हाना केमोला न जुमानणाऱ्या पेशीच मागे उरलेल्या असतात. डोस वाढवावा, तर आजाराआधी शरीर हात टेकतं. अशा मुलांसाठी गेल्या दशकात एक निराळा उपाय हाती आला. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. यालाच कार-टी उपचार म्हणतात. त्याच्या यशाबद्दल बरंच लिहिलं जातं. मला मात्र पेशी दिल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत येणाऱ्या तापाबद्दल लिहायचं आहे. आजार बरा करणारी आणि जिवावर उठणारी प्रक्रिया एकच असते, आणि ती नेमकी कुठे अडवायची हे कळलं म्हणूनच हा उपचार रुग्णालयात वापरण्याजोगा झाला.

सुरुवात पेशी गोळा करण्यापासून होते. वीस किलो वजनाचं मूल समजू. त्याच्या अंगात सगळं मिळून साधारण दीड लिटर रक्त असतं. एका नळीतून ते यंत्रात जातं, तिथे वेगानं फिरतं आणि घनतेनुसार त्याचे थर पडतात. तांबड्या पेशी जड म्हणून त्यांचा थर बाहेरच्या बाजूला, प्लाझ्मा आतल्या बाजूला आणि मधल्या पातळ थरात टी-पेशी ज्यांत मोडतात ते लिम्फोसाइट. तेवढा थर पिशवीत घेतला जातो आणि बाकीचं रक्त दुसऱ्या नळीनं परत जातं. याला ल्युकाफेरेसिस म्हणतात. काही तास चालणाऱ्या या कामात मुलाचं सगळं रक्त यंत्रातून अनेकदा फिरून येतं.

लहान मुलांच्या बाबतीत यात दोन अडचणी येतात. यंत्राच्या नळ्यांमध्ये एका वेळी सुमारे दोनशे मिलिलिटर रक्त अडकून राहतं. प्रौढाला ते जाणवत नाही, पण दीड लिटरवाल्या मुलाचा रक्तदाब त्यानं कोसळू शकतो. म्हणून नळ्या आधी रक्तदात्याच्या तांबड्या पेशींनी भरून घेतात. दुसरी अडचण सायट्रेटची. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात आणि ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. ओठांभोवती मुंग्या येणं ही त्याची पहिली खूण. मोठी मुलं ते सांगतात, छोटी नुसती चुळबुळ करतात, म्हणून तिथल्या परिचारिकेला चेहऱ्यावर नजर ठेवावी लागते. उपाय सोपा आहे: शिरेतून कॅल्शियम.

खरी चिंता असते ती पुरेशा टी-पेशी मिळतील की नाही याची. निदान शंभर कोटी टी-पेशी हव्यात असं गणित असतं. पण वर्षानुवर्षं केमो घेतलेल्या मुलाच्या रक्तात लिम्फोसाइट मुळातच कमी असतात आणि ज्या असतात त्या थकलेल्या. म्हणून आजार उलटल्याचं कळल्यावर पुढची जोरदार केमो सुरू करण्याआधीच पेशी काढून गोठवून ठेवलेल्या बऱ्या. हा निर्णय आठवडाभर लांबला तरी फरक पडू शकतो.

प्रयोगशाळेत पोचल्यावर टी-पेशी वेगळ्या करून त्यांना जागं केलं जातं. त्यासाठी चुंबकीय सूक्ष्म मणी वापरतात. त्यांच्यावरची प्रतिद्रव्यं टी-पेशीला शत्रू भेटल्याचा भास देतात आणि पेशी विभागायला लागते. मग लेंटिव्हायरस घालतात. हा एचआयव्हीच्या कुळातला विषाणू, पण आजार पसरवणारी जनुकं काढून टाकलेला. त्याच्याकडे एकच काम उरलेलं असतं: नवं जनुक टी-पेशीच्या गुणसूत्रात नेऊन बसवणं. तिथे बसल्यामुळे पुढे त्या पेशीच्या प्रत्येक लेकीकडे ते जनुक जातं.

या जनुकापासून पेशीच्या पृष्ठभागावर एक कृत्रिम ग्राहक, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन, तयार होतो, तोच ‘कार’. त्याचं बाहेरचं टोक उंदराच्या एका प्रतिद्रव्यापासून घेतलेलं असतं आणि ते सीडी१९ या प्रथिनाला चिकटतं. सीडी१९ जवळजवळ प्रत्येक बी-पेशीवर असतं, निरोगी असो की कर्करोगाची, पण रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींवर नसतं. आतल्या टोकाला दोन भाग असतात. एक मारण्याचा आदेश देतो, दुसरा पेशीला टिकून राहायला आणि वाढायला सांगतो. हा दुसरा भाग नसलेल्या सुरुवातीच्या कार-टी पेशी काही दिवसांतच विरून जात.

पेशी साधारण दहा दिवस वाढवतात. मग निर्जंतुकता, जिवंत पेशींचं प्रमाण, किती पेशींवर कार आला आहे आणि पूर्ण विषाणू परत तयार झालेला नाही ना, हे तपासतात. हे सगळं जीव तोडून करावं लागतं, कारण एखादी चूक कुठवर जाते ते २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या वृत्तान्तात दिसतं. त्याच्या पेशींत ल्युकेमियाची एकच बी-पेशी मिसळून राहिली होती. विषाणूनं कारचं जनुक तिच्यातही बसवलं. तिच्या पृष्ठभागावरचा कार तिच्याच सीडी१९ला चिकटला आणि ते झाकून टाकलं. टी-पेशींना ती दिसेनाशी झाली. काही महिन्यांनी तिच्यापासूनच आजार परत आला.

तयार पेशी येईपर्यंत तीन-चार आठवडे जातात. पेशी देण्याआधी काही दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही औषधं देऊन मुलाचे स्वतःचे लिम्फोसाइट कमी करतात, म्हणजे नव्या पेशींना वाढायला जागा मिळते. मग गोठवलेली पिशवी कोमट पाण्यात वितळवून काही मिनिटांत शिरेतून देतात. आपल्या वीस किलोच्या मुलाला चाळीस लाख ते दहा कोटी कार-टी पेशी मिळतात. पसारा मोठा आहे, पण त्यानं वाटतो तितका फरक पडत नाही, कारण खरा डोस शरीरात ठरतो. पेशी तिथे हजारपटींनीही वाढू शकतात आणि किती वाढतील ते समोर किती ल्युकेमिया आहे त्यावर अवलंबून असतं.

बहुतेकदा पहिले एक-दोन दिवस काहीच होत नाही. मग ताप येतो. कार-टी पेशीला सीडी१९ सापडलं की ती समोरच्या पेशीला मारते आणि इंटरफेरॉन-गॅमासारखी रसायनं सोडते. ती ऐकून मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी चेततात आणि इंटरल्युकिन-१ व इंटरल्युकिन-६ मोठ्या प्रमाणात ओततात. या रसायनांना सायटोकाइन म्हणतात आणि या अवस्थेला सायटोकाइन रिलीज सिंड्रोम. इंटरल्युकिन-६मुळे यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवू लागतं, रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तातलं पाणी ऊतींत आणि फुप्फुसांत उतरतं, रक्तदाब घसरतो. पायऱ्या या क्रमानं मोजतात: नुसता ताप ही पहिली, शिरेतल्या द्रवानं सावरणारा रक्तदाब किंवा नाकातून थोडा ऑक्सिजन लागणं ही दुसरी, रक्तदाब वाढवणारं औषध लागलं किंवा जास्त ऑक्सिजन लागला की तिसरी, अशी एकाहून अधिक औषधं किंवा व्हेंटिलेटर लागला की चौथी.

हे अडवायचं कसं, हे २०१२ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात उमगलं. एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी हा उपचार घेणारी पहिली लहान मूल. तिचा ल्युकेमिया दोनदा उलटला होता. पेशी दिल्यावर काही दिवसांत तिला अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. स्टेरॉइडनं पुरेसा फरक पडला नाही. रक्ताच्या तपासणीत इंटरल्युकिन-६ हजारपटीच्या घरात वाढलेलं दिसलं. संधिवातात वापरलं जाणारं टॉसिलिझुमॅब हे औषध इंटरल्युकिन-६चा ग्राहक अडवतं. पेन्सिल्वेनिया विद्यापीठातले कार्ल जून यांना ते ठाऊक होतं, कारण त्यांच्या मुलीला बालसंधिवात होता. औषध दिल्यावर काही तासांत ताप उतरला. महिनाभरानं तिच्या अस्थिमज्जेत ल्युकेमिया सापडला नाही.

मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ताप थांबला, पण उपचार थांबला नाही. याचं कारण वरच्या साखळीतच आहे. ल्युकेमिया मारते ती टी-पेशी. शरीराला झोडपणारं इंटरल्युकिन-६ बहुतांशी मॅक्रोफेजकडून येतं. ग्राहक अडवला तरी टी-पेशीचं काम चालू राहतं. ३० ऑगस्ट २०१७ला अमेरिकेच्या एफडीएनं पहिल्या कार-टी उपचाराला परवानगी दिली आणि त्याच दिवशी या त्रासावर टॉसिलिझुमॅब वापरायलाही दिली. त्यामागच्या चाचणीत ७५ मुलांना आणि तरुणांना पेशी मिळाल्या. ८१ टक्क्यांचा आजार तीन महिन्यांत ओसरला आणि ७७ टक्क्यांना सायटोकाइनचा त्रास झाला.

आपल्या मुलाचा डोस किलोला १२ मिलिग्रॅम, म्हणजे २४० मिलिग्रॅम, तासभर शिरेतून. गरज पडल्यास किमान आठ तासांनी पुन्हा. पण तापाकडे बघून लगेच हे औषध देऊन मोकळं होता येत नाही. या मुलांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात, त्यामुळे तोच ताप जंतुसंसर्गाचाही असू शकतो. रक्त कल्चरला पाठवून प्रतिजैविकं सुरू करतात आणि दोन्ही शक्यता धरून चालतात. औषध दिल्यानंतर रक्तातलं इंटरल्युकिन-६ उलट वाढलेलं दिसतं. ग्राहक बंद झाल्यामुळे ते वापरलं जात नाही, साठतं. नवख्या डॉक्टरला तो आकडा बघून धडकी भरते. सीआरपी मात्र घसरतं, पण इंटरल्युकिन-६ अडवल्यामुळे ते संसर्गातही कमीच राहू शकतं. म्हणून त्यानंतर आकड्यांपेक्षा रक्तदाब, श्वास आणि लघवी यांवर भर द्यावा लागतो.

मेंदूवर होणारा परिणाम हा वेगळा धोका. टॉसिलिझुमॅब मेंदूत फारसं पोचत नाही, तिथे स्टेरॉइडच लागतं. वाचता-लिहिता येणाऱ्या रुग्णाला रोज एक वाक्य लिहायला देतात. काल ओळीत असलेली अक्षरं आज खाली उतरू लागली, एकावर एक चढली किंवा शब्द अर्धवट सुटला, तर रुग्ण बोलण्यात ठीक वाटत असला तरी लगेच डॉक्टरांना कळवतात. वस्तूचं नाव आठवायला लागणारा वेळ ही दुसरी खूण. कधीकधी झटके येतात, म्हणून हा कागद रोजच्या तपासणीत असायलाच हवा, असं मला वाटतं.

ताप ओसरल्यावर दोन गोष्टी उरतात. कार-टी पेशी निरोगी बी-पेशीही संपवतात, म्हणून प्रतिद्रव्यं कमी पडतात आणि ती बाहेरून द्यावी लागतात. मात्र बी-पेशी नसणं म्हणजे कार-टी पेशी अजून कामावर आहेत याचीच खूण. बी-पेशी लवकर परत दिसू लागल्या तर आजार उलटण्याची भीती वाढते. दुसरी गोष्ट अधिक कठीण. काही मुलांत ल्युकेमियाच्या पेशी सीडी१९ दाखवणंच सोडून देतात. फिलाडेल्फियाच्या ज्या पहिल्या वृत्तान्तात एमिलीची हकिगत आली, त्यातल्याच दुसऱ्या मुलाचा आजार साधारण दोन महिन्यांनी असाच परत आला. त्याच्या कार-टी पेशी अंगात होत्या, पण त्यांना धरायला समोर काही उरलं नव्हतं. म्हणून आता सीडी२२ या दुसऱ्या प्रथिनावर, किंवा एकाच वेळी दोन्हींवर, नेम धरणाऱ्या पेशींच्या चाचण्या सुरू आहेत.