शून्य आणि २५५ चा खुलासा

“.0 किंवा .255 ने संपणारा IP पत्ता कॉम्प्युटरला कधीच देता येत नाही, तो पर्याय डोळे मिटून खोडा.”

इंदूरमध्ये सर्टिफिकेशनची तयारी करणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर प्रश्नाच्या स्क्रीनशॉटखाली हे हमखास येतं. /24 मध्ये ते खरंही ठरतं, म्हणून पटतं. पण आधी मास्क पाहा.

समजा, पत्ता 172.16.21.0/22 आहे. मास्क 255.255.252.0, म्हणजे तिसऱ्या आकड्यात 256 − 252 = 4 च्या उड्या: 16, 20, 24. आपला 21 हा 20 च्या गटात येतो. म्हणून नेटवर्क 172.16.20.0 आणि ब्रॉडकास्ट 172.16.23.255. राखीव एवढे दोनच. मधला 172.16.21.0 बिनदिक्कत देता येतो, 172.16.20.255 सुद्धा. काही जुनी उपकरणं मात्र असे पत्ते नाकारतात.

लिनक्सवर पडताळा:

```
ipcalc 172.16.21.0/22
```

HostMin 172.16.20.1 आणि HostMax 172.16.23.254 दिसेल.